‘saoji masala’ या शब्दाचा धनी कोण? कॅटलॉगच्या कीवर्ड मॅपविषयी प्रश्नोत्तरे

नागपूरच्या इतवारीतले मसालेवाले, गांधीबागेतले कापडवाले, घरून चिवडा-शेव विकणाऱ्या ताई, सगळ्यांच्या पत्रांत एकच गोंधळ फिरून फिरून येतो. ॲमेझॉनच्या शोधपट्टीत टाइप करताना खाली जे शब्द सुचतात ती एक गोष्ट. जाहिरातीच्या खात्यातून उतरवलेला सर्च टर्म रिपोर्ट ही दुसरी. पहिली सांगते की लोक कोणत्या शब्दांत बोलतात, दुसरी सांगते की त्या शब्दांनी तुमच्याकडे येऊन त्यांनी काय केले. दोन्ही एकाच पोत्यात ओतून ‘कीवर्ड’ म्हणून प्रत्येक उत्पादनावर शिंपडले जातात, आणि मग विक्री का हलत नाही असे मला विचारले जाते. कोणता शब्द कोणत्या उत्पादनाचा हे ठरवून लिहिलेली यादी म्हणजे कीवर्ड मॅप, आणि तोच बहुतेकांकडे नसतो. म्हणून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे एकत्र उत्तरे देते.

प्रश्न (महाल) : ॲमेझॉनवर टाइप करताना खाली जे शब्द येतात त्यात पहिला असतो तो सगळ्यात जास्त शोधला जाणारा, असं धरून आम्ही यादी लावतो. बरोबर ना?

नाही. त्या सूचनांसोबत कुठलाही आकडा येत नाही, त्यामुळे क्रमावरून मागणी काढू नका. तुम्ही लॉग-इन केलेले असेल तर तुमचा स्वतःचा शोधही त्यात मिसळतो; रोज स्वतःचाच माल शोधणाऱ्या दुकानदाराला स्वतःचेच शब्द वर दिसले तर त्यात नवल नाही. खासगी विंडो उघडा, लॉग-इन करू नका, ‘saoji’ लिहून एक जागा सोडा आणि मग a, b, c असे एकेक अक्षर टाकत जा. हेच देवनागरीतही करा. दिसेल तो शब्द जसाच्या तसा उतरवा आणि शेजारी तारीख लिहा, कारण मे महिन्यात लोणचे मसाला सुचतो आणि दिवाळीच्या तोंडावर चिवडा मसाला. सूचनांचा उपयोग एवढाच: लोकांचे शब्द लोकांच्या तोंडून कळतात. त्यातला कोणता शब्द तुमच्या कामाचा, हे तिथे कळत नाही.

प्रश्न (कामठी) : रिपोर्ट एक्सेलमध्ये उघडला की मराठी शब्दांच्या जागी विचित्र चिन्हं येतात. रिपोर्ट खराब आहे का?

रिपोर्ट ठीक आहे. फाइलवर डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये Data > From Text/CSV मधून आणा आणि File Origin ला `65001: Unicode (UTF-8)` निवडा.

प्रश्न (वाडी) : एक एजन्सी आमच्या कॅटलॉगसाठी सहा हजार कीवर्डची तयार यादी देते म्हणते. पैसे एकदाच. घ्यावी का?

घेऊ नका. अशी एक यादी एका वाचकाने मला पाठवली होती. पहिल्या पानावर ‘masala for chicken’, ‘chicken for masala’, ‘masala chicken for’ असे एकाच शब्दाचे फिरवून केलेले तुकडे होते, आणि पुढे हळद, मिरची, धणे यांच्या मागे वजन व शहरांची नावे जोडत नेली होती. सहा हजार ओळींत एकाही शब्दापुढे कोणते उत्पादन हे लिहिलेले नव्हते. मालाचे नाव नसलेल्या यादीला मॅप म्हणून विकणे ही फसवणूक आहे, मी याला दुसरा शब्द वापरणार नाही. तुमच्या खात्यात जाहिरात चालू असेल तर तुमचे खरे शब्द तुमच्याच रिपोर्टमध्ये फुकट पडलेले आहेत. आधी तो उतरवा. कुणाला पैसे द्यायचेच असतील तर तो रिपोर्ट तुमच्या शेजारी बसून वाचणाऱ्याला द्या, आणि एका उत्पादन-गटाचे काम पाहूनच पुढचे ठरवा.

प्रश्न (इतवारी) : ताई, आमचे 46 मसाले आहेत, त्यातले 11 सावजीचे. सगळे एकाच ऑटो कॅम्पेनमध्ये टाकले आहेत. रिपोर्टमध्ये ‘saoji masala’ सगळ्यात वर दिसला म्हणून तो अकराही पाकिटांच्या नावात टाकला. विक्री होती तिथेच आहे. कीवर्ड मॅप नेमका करायचा कसा? दोन महिन्यांचा रिपोर्ट सोबत जोडते.

तुमचा प्रश्न इतरांचाही आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नंतरच्या दीड-दोन महिन्यांत आपण फोनवर जे केले त्याचे आकडे तुमच्या परवानगीने देते.

तुमच्या पहिल्या रिपोर्टवरून मॅप करताच आला नसता, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सर्च टर्म रिपोर्टमध्ये Campaign Name, Ad Group Name, Targeting, Match Type, Customer Search Term असे रकाने असतात. ग्राहकाने काय टाइप केले ते कळते, पण तुमच्या कोणत्या पाकिटाची जाहिरात पाहून त्याने क्लिक केले ते यात लिहिलेले नसते. एका ॲड ग्रुपमध्ये 46 पाकिटे असतील तर ‘saoji masala’ची ओळ त्या 46 पैकी कुणाची हे सांगायला कोणीच नाही. तुम्ही तो शब्द अकरा जणांना वाटलात, कारण रिपोर्टने एकाचे नाव सांगितले नाही. दोष तुमच्या मेहनतीत नाही, मांडणीत आहे.

म्हणून पहिले काम मांडणीचे. 46 वेगवेगळी कॅम्पेन काढू नका. रोजचे बजेट इतके पातळ होते की कुठल्याच शब्दावर पुरेसे क्लिक जमत नाहीत. आपण मालाची नऊ कुटुंबे पाडली: सावजी, तिखट-हळद, लोणचे मसाले, चिवडा-फरसाण मसाले, आणि अशी पुढची. कुटुंबातल्या ज्या दोन-तीन वस्तू खरोखर चालतात त्यांना प्रत्येकी स्वतंत्र ॲड ग्रुप दिला, बाकीच्यांना एकत्र ठेवले. सावजीत मटण मसाला आणि चिकन मसाला हे दोन वेगळे झाले. मग चार आठवडे कशालाही हात लावला नाही. मधेच नावे, किमती, फोटो बदलले असते तर कशामुळे काय झाले ते कळले नसते.

चार आठवड्यांनी रिपोर्ट उतरवला तेव्हा शेवटचे सात दिवस बाजूला ठेवले. त्यातल्या ऑर्डर क्लिकपासून सात दिवसांच्या आत मोजल्या जातात. काल क्लिक केलेला ग्राहक परवा घेईल, पण आजच्या रिपोर्टमध्ये तो नुसता खर्च दिसतो. ताजा आठवडा पाहून घाबरून शब्द बंद करणारे मी फार पाहिले आहेत. रिपोर्टमध्ये शोधशब्दाच्या रकान्यात b0 ने सुरू होणाऱ्या काही ओळी होत्या, त्याही काढल्या. ते शब्द नव्हेत, दुसऱ्यांच्या उत्पादन-पानांचे क्रमांक आहेत. तिथे तुमची जाहिरात दिसली एवढाच त्याचा अर्थ.

मग शब्दांची रूपे एकत्र केली. सावजी रोमन लिपीत लोक तऱ्हेतऱ्हेने लिहितात. मटण मसाल्याच्या ॲड ग्रुपमध्ये आलेल्या ओळी अशा होत्या: ‘saoji masala’ 96 क्लिक 11 ऑर्डर, ‘savji masala’ 71 क्लिक 8 ऑर्डर, ‘saoji masala powder’ 22 क्लिक 2 ऑर्डर, ‘sawji masala’ 14 क्लिक 1 ऑर्डर, ‘सावजी मसाला’ 9 क्लिक 2 ऑर्डर. सुटे पाहिले तर शेवटचे तीन शब्द कुणी वाचलेही नसते. एकत्र केले की 212 क्लिक आणि 24 ऑर्डर, म्हणजे साधारण नऊ क्लिकमागे एक. रोमन स्पेलिंग जुळवायला शेजारच्या रकान्यात हे पुरते:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(LOWER(A2)),"savji","saoji"),"sawji","saoji")
```

पण सूत्राच्या भरवशावर सगळे सोडू नका. स्पेलिंग एक करायचे, मागणी एक करायची नाही. ‘saoji mutton masala’ आणि ‘saoji masala’ यांच्यात एका शब्दाचा फरक असला तरी ती दोन वेगळी माणसे आहेत. ‘powder’ लावलेली ओळ मी हाताने जोडली, कारण पावडरच हवी असलेल्याला वेगळे काही नको असते. हा निर्णय माणसाने घ्यायचा असतो, आणि मसाला ज्याच्या घरात कुटला जातो त्याला तो माझ्यापेक्षा चांगला घेता येतो.

आता खरी गोष्ट. तुम्ही म्हणालात, 24 ऑर्डर आल्या, म्हणजे ‘saoji masala’चा धनी मटण मसाला. मी थांबायला सांगितले, आठवते? रिपोर्टच्या उजव्या टोकाला दोन रकाने असतात, तिथवर कोणी सरकत नाही: 7 Day Advertised SKU Units आणि 7 Day Other SKU Units. पहिल्यात जाहिरात केलेल्याच वस्तूचे नग, दुसऱ्यात त्या क्लिकनंतर तुमचीच दुसरी एखादी वस्तू घेतली गेली तिचे नग. तुमच्या त्या पाच ओळींचे मिळून 29 नग विकले गेले होते. त्यात मटण मसाल्याचे 11, आणि दुसऱ्या वस्तूंचे 18. ग्राहक मटण मसाल्याच्या दारातून आत आला आणि दुसरेच काही उचलून गेला.

काय उचलले, ते Purchased Product रिपोर्टमध्ये दिसते. त्यात जाहिरातीतले उत्पादन आणि प्रत्यक्ष घेतलेले उत्पादन शेजारी शेजारी असतात. मटण मसाल्याच्या ॲड ग्रुपमधून गेलेल्या दुसऱ्या वस्तूंच्या नगांत सगळ्यात जास्त सावजी रस्सा मसाल्याचे निघाले. तुम्हाला त्याचे आश्चर्य वाटले, पण आपल्या घरांचा विचार करा. नुसते ‘सावजी मसाला’ असे शोधणाऱ्याला मटणापुरते पाकीट नको असते. त्याला पाटोडी रस्सा करायचा असतो, अंडी करायची असतात, कधी वांगे. ज्याला मटणच करायचे असते तो ‘mutton’ टाइप करतो. तो शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये वेगळा होता, आणि तिथे मटण मसाल्याचेच नग जास्त होते.

म्हणून नकाशात असे लिहिले: ‘saoji masala’ आणि त्याची सगळी स्पेलिंगे, धनी सावजी रस्सा मसाला. ‘saoji mutton masala’, धनी मटण मसाला. ‘saoji chicken masala’, धनी चिकन मसाला. एका शब्दाला धनी एकच, आणि तो कोण हे ऑर्डरीवरून ठरवायचे, आपल्याला कोणता मसाला आवडतो त्यावरून नाही. उरलेल्या आठ सावजी पाकिटांच्या नावांतून तो सामान्य शब्द पुढच्या जागेवरून काढला आणि त्यांचे स्वतःचे नेमके शब्द पुढे आणले. ‘सावजी’ हा शब्द त्यांच्या नावात राहिलाच. तो त्यांचा गुण आहे. पण नाव सुरू होते ते त्यांच्या स्वतःच्या ओळखीने.

नकाशाची शीट साधी ठेवा. एका ओळीत एक शब्द आणि एक उत्पादन. रकाने पाच: शब्द, उत्पादन, भूमिका, पुरावा, तारीख. भूमिकेत चारच शब्द लिहायचे: मुख्य, सहायक, परका, तपास. पुराव्यात सूचनेतून आला की रिपोर्टमधून, आणि रिपोर्टमधून असेल तर क्लिक व ऑर्डर. सूचनेतून आलेला प्रत्येक शब्द आधी ‘तपास’मध्येच जातो, रिपोर्टमध्ये क्लिक जमेपर्यंत त्याला मुख्य करायचे नाही. एकाच शब्दाला दोन धनी लागले का, हे या ओळीने कळते:

```
=COUNTIFS(A:A,A2,C:C,"मुख्य")
```

उत्तर 2 किंवा त्याहून जास्त आले तर तिथे भांडण आहे, शून्य आले तर शब्द बेवारस आहे. तुमच्या जुन्या मांडणीवर हे सूत्र चालवले तेव्हा ‘saoji masala’समोर 11 आले होते.

मुख्य शब्द धन्याच्या नावात पुढे येतो. सहायक शब्द वर्णनात जातात. दुसरे स्पेलिंग, म्हणजे नावात ‘Saoji’ लिहिले असेल तर ‘savji’, ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्यात. नावातच दोन्ही कोंबली की पाकिटाचे नाव वाचवत नाही. त्याआधी खासगी विंडोत दोन्ही स्पेलिंगे शोधून पाहा. निकालांची पहिली दोन पाने जवळपास सारखीच आली तर दुसऱ्या स्पेलिंगसाठी जागा खर्चायचीही गरज नाही.

बदलानंतर तीन आठवड्यांनी, पुन्हा शेवटचा आठवडा सोडून, रस्सा मसाल्याच्या स्वतंत्र ॲड ग्रुपमध्ये याच शब्दांवर 118 क्लिक आणि 19 ऑर्डर दिसल्या. नऊ क्लिकमागे एक ऑर्डर येत होती, ती आता सहाच्या आसपास क्लिकमागे येते. दुसऱ्या वस्तूंचे नग अगदी थोडे उरले. एवढ्यावर मी आनंदी आहे, पण निश्चिंत नाही: हा एका कुटुंबाचा, काही आठवड्यांचा आकडा आहे. श्रावण लागला की मटण-चिकनचे शब्द खाली येतील आणि रस्सा मसाल्याचे चित्रही बदलेल. उरलेल्या आठ कुटुंबांना हात लावण्याआधी एकदा शीट मला दाखवा.

आणि ‘kala masala’. तुम्ही तो शब्द सोडायला तयार नव्हता, कारण सूचनांमध्ये तो सारखा दिसतो. तुमच्या मटण मसाल्यावर त्याचे 83 क्लिक होते आणि ऑर्डर एक. कारण निकालाच्या पानावर उघडे पडलेले आहे. तो शब्द शोधा आणि पहिली वीस पाकिटे पाहा. पुण्याकडच्या अनेक घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, खानदेशात काळा मसाला म्हणजे तिखट, झणझणीत वेगळीच वस्तू. आपल्याकडे सावजीच्या रश्श्याचा रंग काळपट म्हणून आपणही तोच शब्द वापरतो. तीन भागांतली माणसे एकच शब्द टाइप करतात आणि तीन वेगळे डबे शोधतात. आमटीसाठी मसाला शोधणारी गृहिणी तुमच्या मटणाच्या पाकिटावर क्लिक करते, फोटो पाहते आणि परत जाते. तो शब्द तुमच्यासाठी ‘परका’. मटण मसाल्याच्या ॲड ग्रुपमध्ये तो नेमका शब्द नकारात्मक म्हणून लावला. पूर्ण खात्यात लावू नका, कारण उद्या तुम्ही गोडा मसाला काढलात तर त्याला तो लागेल.

प्रश्न (धरमपेठ) : ज्या शब्दावर सहा-सात क्लिक होऊन एकही ऑर्डर नाही तो लगेच बंद करायचा असं एका कार्यशाळेत सांगितलं. करू का?

करू नका. तुमच्या खात्यात चांगल्या शब्दाला साधारण दहा क्लिकमागे एक ऑर्डर येते असे धरा. तशा चांगल्या शब्दालाही पहिल्या सहा क्लिकमध्ये काहीच न येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. म्हणजे सहा क्लिकवर बंद करणे जवळपास नाणे उडवण्यासारखे. तीस क्लिक होऊनही काही आले नाही, तर चांगल्या शब्दाचे असे होण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास उरते. तिथे निर्णय घ्या. तुमचे प्रमाण दहाला एक नसेल तर आकडा बदलेल, म्हणून आधी स्वतःच्या खात्याचे प्रमाण काढा. आणि जो शब्द परका आहे हे डोळ्यांनी दिसते, ‘मसाला डबा स्टील’ वगैरे, त्याला तीस क्लिक होऊ द्यायची गरज नाही.

प्रश्न (उमरेड) : सूचनांमध्ये ‘bhiwapur mirchi powder’ येतं. आमची मिरची गुंटूरची आहे, पण चव तशीच. न दिसणाऱ्या रकान्यात हा शब्द टाकला तर चालेल ना, ग्राहकाला तर दिसतच नाही?

नाही चालणार. भिवापूर मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव त्या भागात पिकलेल्या मिरचीचे आहे. ग्राहकाला शब्द दिसत नाही, पण तो भिवापुरी समजून तुमचे पाकीट घेतो, आणि त्यात भिवापूरच्या शेतकऱ्याचे नुकसान होते. ‘चव तशीच’ हे उत्तर मला नको. तुमच्या शीटमध्ये हा शब्द ‘परका’. उद्या तुम्ही खरीच भिवापुरी मिरची घेऊन दळणार असाल, तर पाकिटावर नाव छापण्याआधी भौगोलिक मानांकनाचे काम पाहणाऱ्या वकिलाला भेटा. नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

दुसऱ्यांच्या ब्रँडच्या नावाचेही याच धर्तीवर. ॲमेझॉनच्या नियमांत न दिसणाऱ्या रकान्यात दुसऱ्याचा ब्रँड टाकायला मनाई आहे. सर्च जाहिरातीत दुसऱ्याच्या नावावर बोली लावण्याचा प्रश्न वेगळा आहे: दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये असे धरले की कीवर्ड म्हणून नाव वापरणे हा ट्रेडमार्कचा वापर ठरतो, पण ग्राहकाचा गोंधळ होत नसेल तर तेवढ्यानेच उल्लंघन होत नाही. तुमच्या जाहिरातीत गोंधळ होतो की नाही हे ट्रेडमार्कच्या वकिलाने ठरवायचे, एजन्सीने नाही.

प्रश्न (वर्धा रोड) : आम्ही जवस-कारळ्याची चटणी विकतो. रिपोर्टमध्ये ‘jawas chutney for diabetes’ या शब्दावर ऑर्डरही आल्या आहेत. नावात टाकायचं ना मग?

अजिबात नाही. ऑर्डर आली हा दावा खरा असल्याचा पुरावा नव्हे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील दाव्यांसाठी 2018 चे नियम आहेत, आणि मधुमेह बरा करण्याच्या जाहिराती 1954 च्या कायद्याने औषधांच्या बाबतीतही रोखल्या आहेत. हा शब्द नावात नको, वर्णनात नको, न दिसणाऱ्या रकान्यातही नको. त्या ग्राहकाला चटणीत काय आहे ते सरळ सांगा: जवस किती, तेल किती, मीठ किती, साखर घातली आहे की नाही. शीटमध्ये शब्दासमोर ‘परका’ लिहा आणि कारण लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी शीट सांभाळणारा नवा मुलगा तो परत टाकणार नाही. पाकिटावरचा मजकूर अन्नसुरक्षेचे लेबल तपासणाऱ्या सल्लागाराला दाखवून घ्या, आणि ही भेट छपाईच्या आधी घ्या.

प्रश्न (सक्करदरा) : आमच्या स्वतःच्या वेबसाइटसाठी हाच मॅप वापरू शकतो का? सर्च कन्सोल जोडलेलं आहे.

ढाचा तोच, पुरावा वेगळा. सर्च कन्सोलमध्ये ऑर्डर दिसत नाहीत, फक्त कोणत्या शब्दावर कोणते पान किती वेळा दिसले आणि क्लिक किती. त्यात एक शब्द निवडा आणि ‘पाने’ हा भाग उघडा. दोन-तीन पाने त्याच शब्दावर आळीपाळीने दिसत असतील तर तिथे धनी ठरलेला नाही. पडद्यावर जास्तीत जास्त 1000 ओळी दिसतात आणि फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द दाखवलेच जात नाहीत, म्हणून बेरीज जुळत नाही म्हणून हैराण होऊ नका. पाने एकमेकांत विलीन करायची असतील तर जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवण्याचे काम वेबसाइट करणाऱ्याशी बसून करा. एकट्याने पाने पुसू नका.

प्रश्न (नंदनवन) : आत्ता सणांची धावपळ आहे. मॅपचं काम दिवाळीनंतर निवांत केलं तर चालेल का?

मॅप दिवाळीनंतर करा, पण रिपोर्ट आज उतरवा. जाहिरातीच्या खात्यातला सर्च टर्म रिपोर्ट ठरावीक दिवसांपर्यंतच मागे जातो. सणाच्या आधीचे आठवडे तुमच्या चिवडा मसाल्यासाठी वर्षातले सगळ्यात बोलके असतात, आणि तुम्ही निवांत होईपर्यंत ते पडद्यावरून गेलेले असतील. सर्च कन्सोल 16 महिने मागचे दाखवते, पण त्यात ऑर्डर नाहीत. दर महिन्याच्या 10 तारखेला मागच्या महिन्याचा रिपोर्ट उतरवून महिन्याच्या नावाने ठेवायचा, एवढे एक काम दुकानातल्या कुणाकडे तरी सोपवा. 10 तारीख अशासाठी की शेवटच्या दिवसांच्या क्लिकवरच्या ऑर्डरी तोवर मोजून झालेल्या असतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी किती जणांना ‘गेल्या दिवाळीचा रिपोर्ट आणा’ म्हटले की ते गप्प होतात, हे पाहून दरवेळी जीव तुटतो.

प्रश्न (महाल) : न दिसणाऱ्या रकान्यात देवनागरी शब्द टाकले की जागा लगेच भरते. रोमनमध्ये एवढी भरत नाही. असं का?

ती मर्यादा अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजतात. रोमन अक्षर एक बाइट घेते, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, वेलांटीसुद्धा वेगळे चिन्ह धरले जाते. ‘saoji masala’ 12 बाइटचा, ‘सावजी मसाला’ 31 चा. म्हणून देवनागरीत फक्त ते शब्द टाका ज्यांच्यावर रिपोर्टमध्ये देवनागरीतून खरोखर क्लिक आलेले आहेत. तुमच्या उत्पादन-गटाला आज किती बाइटची मर्यादा आहे ते विक्रेता खात्याच्या मदतपानावर पाहूनच भरा.